रात्री उठून फटीत तोंड घालून उभा राहतो: म्हातारपणाचा विसर की दुखणं?

गौरी_सांगली

आमचा बंड्या तेरा वर्षांचा आहे. पांढरा स्पिट्झ, ज्याला आपल्याकडे सगळे पॉमेरियनच म्हणतात. वजन ९ किलो. गणपती झाल्यापासून त्याचं रात्रीचं तंत्र बिघडलंय. दिवसभर सोफ्याखाली गाढ झोपतो आणि रात्री दीड-दोनला उठतो. घरभर फेऱ्या, फरशीवर नखांची टकटक, धापा. कधीकधी फ्रिज आणि भिंतीमधल्या फटीत शिरून उभा राहतो आणि तिथूनच भुंकतो. मागे सरकून बाहेर यायचं त्याला सुचत नाही, ओढूनच काढावं लागतं. घरात लघवीही करायला लागलाय, जे त्यानं पिल्लू असतानासुद्धा फार केलं नव्हतं.

इथल्या डॉक्टरांनी "वय झालंय, डिमेन्शिया आहे" म्हणून झोपेचं औषध लिहून दिलं. अजून सुरू केलेलं नाही. सासूबाईंचं ठाम मत आहे की त्याची कंबर दुखतेय. खालच्या मजल्यावरच्या आजींचं म्हणणं वेगळंच, कुत्रं रात्री रडणं चांगलं नाही म्हणून त्या रोज सकाळी आमच्याकडे संशयाने बघतात. माझा प्रश्न एवढाच की विसर पडलाय की दुखतंय, हे ओळखायचं कसं?

चिकू_चक्रम

ताई, शंभर टक्के डिमेन्शिया. गोल फिरणं, भिंतीकडे बघत राहणं, घरात शू, दिवसा झोप आणि रात्री जाग. सगळं जुळतंय, यात शोधायचं काय राहिलं? मेंदूत तोच चिकट प्रथिनाचा थर साचतो जो माणसांच्या अल्झायमरमध्ये असतो. म्हाताऱ्या मेंदूला साखर नीट वापरता येत नाही, म्हणून जेवणात रोज चमचाभर खोबरेल तेल घाला, मेंदूला दुसरं इंधन मिळतं. माझ्या मित्राच्या लॅब्राडॉरला फरक पडला होता.

बेडेकर_काका

रात्री भुंकल्यावर उठून जवळ घेता ना, तिथेच चुकतं. पहिल्या महिन्यात दुर्लक्ष करायचं असतं. आमच्या टायगरला आम्ही टोपलीत घड्याळ ठेवून झोपवायचो, आठवड्यात गप्प झाला. आणि दुखतच असेल तर आपण घेतो ती अंगदुखीची गोळी अर्धी करून पेढ्यात घालून द्यावी.

गौरी_सांगली

काका, बंड्या तेरा महिन्यांचा नाही, तेरा वर्षांचा आहे.

डॉ_रानवाट

आधी गोळीचं. काका, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. माणसांची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला सोसत नाही. पोटात व्रण होतात, काळी शी होते, मूत्रपिंडं बसतात. नऊ किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा घात करायला अर्धी गोळीसुद्धा पुरेशी आहे.

गौरीताई, तुमच्या सासूबाईंना इतक्यात खोटं ठरवू नका. चिकू म्हणतात ती लक्षणं डिमेन्शियात असतात हे खरं, पण त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाने तरी होऊ शकते. घरात लघवी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानेही होते, मधुमेहानेही, आणि सांधे इतके दुखत असतील की दारापर्यंत जाणं नको वाटतं, तेव्हाही होते. धापा टाकणं तर दुखण्याचं फार जुनं लक्षण. शिवाय डिमेन्शिया सिद्ध करणारी रक्ताची तपासणी नाही. एमआरआयमध्ये मेंदू आक्रसलेला दिसू शकतो, पण खात्रीचं निदान मेल्यानंतर मेंदूच्या तुकड्यावरच होतं. जिवंत कुत्र्यात बाकीचं एकेक बाजूला सारत जायचं, उरेल ते डिमेन्शिया म्हणायचं.

औषध सुरू करण्याआधी या गोष्टी घरीच बघा. मोबाईल उभा करून रात्रीचं चित्रण करा, पण फक्त भुंकण्याचं नको. मला तो उठण्याआधीची मिनिटं हवीत. सकाळी भांड्यात पाणी मोजून भरा आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. नऊ किलोच्या कुत्र्याने चोवीस तासांत ९०० मिलीच्या वर पाणी पिणं सरळसरळ जास्त आहे. गाढ झोपलेला असताना छाती मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजा, तीसच्या आत हवं. आणि त्याच्या डोळ्यांसमोर कापसाचा बोळा सोडून बघा. बोळ्याचा आवाज होत नाही, त्यामुळे नजर बोळ्यामागे गेली तर त्याला दिसतंय, हे कळतं.

शेवटचं, हे अचानक एका रात्रीत सुरू झालं की हळूहळू वाढत गेलं? आणि सध्या त्याला काय काय औषधं चालू आहेत? खाजेची गोळीसुद्धा सांगा. त्यात स्टेरॉइड असेल तर तहान, लघवी, धापा आणि रात्रीची अस्वस्थता एवढं सगळं त्या एकट्या गोळीने होऊ शकतं.

रात्रपाळी

झोपेतला श्वास मोजण्याला माझं मोठ्ठं अनुमोदन. आमची चिंगी रात्री उठून बसायची, आडवी व्हायलाच तयार नसायची, मान ताणून बसून राहायची. आम्हालाही म्हातारचळच वाटला. मोजला तर श्वास पन्नासच्या वर. हृदयाची झडप गळत होती आणि फुप्फुसात पाणी उतरत होतं. लघवीचं औषध आणि हृदयाची गोळी सुरू झाली आणि ती रात्री झोपायला लागली.

नलू_न्यूजर्सी

आमच्या बीगलबद्दल लिहिते. तो गोल फिरायचा, पण कायम डावीकडेच. ताटलीतलंही एका बाजूचंच खाऊन दुसरी बाजू तशीच ठेवायचा. व्हेटने हे ऐकल्याबरोबर न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. मग फिट आली आणि एमआरआयमध्ये गाठ निघाली. गौरी, बंड्या दोन्हीकडे फिरतो का एकाच दिशेला?

डॉ_रानवाट

फार मोलाचा प्रश्न. डिमेन्शियाचा कुत्रा भटकतो, त्याला ठराविक बाजू नसते. सतत एकाच बाजूला वळणं, ताटाची एकच बाजू दिसणं, म्हातारपणी पहिल्यांदा फिट येणं, हे सगळं मेंदूत एका जागी काहीतरी बसलंय असं सुचवतं. आणि मान एकीकडे कलली, बुबुळं आडवी फडफडली, उभा राहताना पडला, असं एका दिवसात झालं, तर तो तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा विकार असतो. लोक घाबरून त्याला अर्धांगवायू म्हणतात, पण म्हाताऱ्या कुत्र्यांत तो बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप सुधारतो. डिमेन्शिया असा एका दिवसात येत नाही. तो महिन्यांच्या हिशेबाने सरकतो.

गौरी_सांगली

सगळं केलं. पाणी दिवसाला ४५० ते ५०० मिली. झोपेतला श्वास बावीस. कापसाचा बोळा दोन्ही डोळ्यांनी बघितला, संध्याकाळी मंद उजेडात मात्र पाहिला नाही. फिरतो दोन्हीकडे. औषध कुठलंच चालू नाही, फक्त गोचिड्यांसाठी दर पंधरवड्याला औषध पाण्यात कालवून आंघोळ घालतो. सुरुवात हळूहळूच झाली. आता आठवतंय की उन्हाळ्यातसुद्धा एकदोनदा दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहून दार उघडायची वाट बघत होता. तेव्हा आम्ही हसलो होतो.

चित्रणात एक वेगळीच गोष्ट दिसली. दीडला उठतो तेव्हा आधी बराच वेळ त्याची कूस बदलणं चालू असतं. बसतो, आडवा होतो, पुन्हा उठतो. उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन अंग ओढतो आणि मागचे पाय किंचित थरथरतात. धापा याच वेळी जास्त आहेत. पण साडेतीनच्या सुमाराचं चित्रण बघितलं तर तिथे यातलं काही नाही. झोपेतून सरळ उठतो, चालतही बरा असतो, फ्रिजकडे जातो आणि फटीत शिरतो. मी हाक मारली तर कान हलतो, पण माझ्याकडे बघत नाही.

डॉ_रानवाट

तुम्ही निम्मं निदान स्वतःच केलंत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाच कुत्र्यात.

दीडच्या चित्रणातल्या कुत्र्याला आडवं राहणं सोसत नाही. दुखरा कुत्रा जागा आणि कूस बदलत राहतो, कारण कुठल्याच कुशीवर आराम पडत नाही. त्याला आपण कुठे आहोत ते ठाऊक असतं, हाक मारली की बघतो, बऱ्याचदा तुमच्याकडेच येतो. बसणं, उठणं, जिना, सोफ्यावर उडी, अशा अंग वळवायच्या क्षणी त्याचा त्रास उघडा पडतो. आदल्या दिवशी जास्त चालला किंवा थंडी पडली की रात्र वाईट जाते.

साडेतीनच्या चित्रणातल्या कुत्र्याचं अंग तक्रार करत नाही, तो हरवलाय. फटीतून मागे न येणं, दाराच्या चुकीच्या बाजूला उभं राहणं, घरच्या माणसाची हाक ऐकूनही दाद न देणं, ही डिमेन्शियाची खरी खूण. नुसतं रात्री भुंकणं नाही. बिजागरीची तुमची आठवणही तिकडेच बोट दाखवते.

फक्त डोळ्यांचं लक्षात ठेवा. मंद उजेडात त्याला कमी दिसतं म्हणजे अंधारातलं थोडं भरकटणं त्याचंही असेल. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा चालू ठेवा. दिव्याने सगळंच थांबलं, तर प्रश्न मुख्यतः नजरेचा होता.

आता डॉक्टरांकडे जाऊन रक्त, लघवी आणि रक्तदाब करून घ्या. रक्तात क्रिएटिनिन, यकृत, साखर, पेशी. आपल्याकडे गोचिडतापाचीही तपासणी जोडून घ्यावी, त्यात कुत्रा महिनोन् महिने नुसता मलूल राहू शकतो. सांधे आणि पाठ हाताने नीट चाचपायला सांगा. आणि ते गोचिड्यांचं औषध कुठलं, त्याच्या बाटलीवर अमिट्राझ लिहिलंय का बघा. पुढे कामाला येईल.

चिकू_चक्रम

डॉक्टर, मग खोबरेल तेलाचं काय? ते चूक आहे का?

डॉ_रानवाट

निम्मं बरोबर. ज्या मध्यम साखळीच्या स्निग्धांवर, म्हणजे एमसीटीवर, प्रयोग झाले त्यात मुख्यतः कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लं असतात. खोबरेल तेलात ती थोडी असतात, सगळ्यात मोठा वाटा लॉरिक आम्लाचा. डिमेन्शियाच्या कुत्र्यांना साधारण साडेसहा टक्के एमसीटी असलेलं खाद्य तीन महिने दिल्यावर सुधारणा दिसली, असा अभ्यास आहे. तसं तयार खाद्य महाग पडतं, पण त्याला आधार आहे. चमचा चमचा तेल मात्र स्पिट्झच्या पोटात गेलं, तर स्वादुपिंड सुजण्याची भीती जास्त.

मंदार_वि

मला एक शंका आहे. अशा प्रत्येक म्हाताऱ्या कुत्र्याला डिमेन्शिया म्हणायची पद्धत पडलीय का? आमच्या लहानपणी गावात बारा-तेरा वर्षांची कुत्री होती, त्यांना असलं काही झाल्याचं आठवत नाही.

डॉ_रानवाट

गावातली किती कुत्री त्या वयाची व्हायची, हाच आधी प्रश्न आहे. आणि अंगणातला कुत्रा रात्री फिरला तर कुणाच्या लक्षात येणार? २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाळीव कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांमध्ये आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्क्यांमध्ये मेंदूच्या उतरणीचं किमान एक लक्षण मालकांनी सांगितलं. एक लक्षण म्हणजे आजार नव्हे, तेव्हा तुमच्या शंकेतही तथ्य आहे. लेबल लावायची घाई होते हे मलाही दिसतं. पण उलट्या बाजूने बघितलं तर कितीतरी जण "वय झालं" म्हणून डॉक्टरांकडे येतच नाहीत.

गौरी_सांगली

अहवाल आले. क्रिएटिनिन आणि साखर ठीक, गोचिडताप नाही, रक्तदाब ठीक, लघवीत जंतू नाहीत. यकृताचं एक एन्झाइम, एएलपी, थोडं वर आहे. पाठ दाबल्यावर मात्र बंड्या ओरडला आणि मागे वळून डॉक्टरांच्या हाताला तोंड लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. एक्स-रेमध्ये कमरेच्या मणक्यांना हाडाचे काटे आलेत आणि उजव्या खुब्याची झीज आहे. सासूबाई सध्या घरात ताठ मानेने वावरतायत.

डॉक्टरांनी कुत्र्यांसाठीचं मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं पातळ औषध दोन आठवडे जेवणाबरोबर द्यायला सांगितलंय. गोचिड्यांच्या बाटलीवर अमिट्राझच आहे.

डॉ_रानवाट

एएलपी थोडं वर असणं म्हाताऱ्या कुत्र्यांत नेहमीचं. तो प्रचंड पाणी पीत असता, भूक वाढून पोट लोंबायला लागलं असतं, तर मी कुशिंग या संप्रेरकांच्या आजाराच्या तपासण्यांच्या मागे लागलो असतो. तुमची मोजणी बघता आत्ता नको. एक्स-रेवर मात्र फार विसंबू नका. भले मोठे काटे असलेली कुत्री मजेत हिंडतात आणि स्वच्छ एक्स-रेवाली कण्हतात. हात लावल्यावर काय झालं ते महत्त्वाचं.

मेलॉक्सिकॅमचे हे दोन आठवडे उपचारही आहेत आणि तपासणीही. या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका, झोपेचं औषधही नाही. नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. उलटी, काळी शी किंवा जेवण बंद झालं तर औषध तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा.

गौरी_सांगली

दोन आठवडे झाले. दीडचं उठणं जवळजवळ थांबलं. धापा नाहीत. आणि एक गंमत, तो स्वतःहून गच्चीचा जिना चढला, जो आम्हाला वाटायचं की त्याला नकोसा झालाय. घरातली लघवीही कमी झाली, म्हणजे तीही कदाचित उठायच्या कंटाळ्यामुळेच होत असणार.

साडेतीनची फट मात्र तशीच आहे. दिवा लावला तरीही. दिवा लागल्यापासून निदान टेबलाला धडकत नाही. नवीन म्हणजे, परवा संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या नवऱ्याकडे त्याने अनोळखी माणसासारखं बघितलं, वास घेतला आणि निघून गेला.

डॉ_रानवाट

म्हणजे दुखणं बाजूला केल्यावर जे उरलंय ते डिमेन्शियाचं, असं आता बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येईल. इथून तुमच्या डॉक्टरांशी सेलेजिलिनबद्दल बोला. माणसांच्या कंपवाताचं औषध आहे, अमेरिकेत १९९८ पासून कुत्र्यांच्या या आजारासाठी मान्य आहे. मात्रा किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सकाळीच. नऊ किलोला सकाळी पाच मिलिग्रॅमची एक गोळी बसते. रात्री दिली तर आणखी जागा राहायचा. निकाल बघायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात.

आणि म्हणून मी गोचिड्यांचं विचारत होतो. अमिट्राझ आणि सेलेजिलिन एकत्र चालत नाही. डॉक्टरांकडून दुसऱ्या जातीचं गोचिडनाशक घ्या. पुढेमागे दुखण्यासाठी कुणी ट्रामाडॉल लिहून दिलं किंवा घाबरतो म्हणून फ्लुऑक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन दिलं, तर सेलेजिलिन चालू आहे हे आधी सांगायचं.

घरात फ्रिजची फट फळीने बंद करून टाका. दिवसा सलग झोपू देऊ नका. दुपारी दहा मिनिटं हुंगायला बाहेर, संध्याकाळी जेवणातलं थोडं फडक्यात गुंडाळून शोधायला लावा. फर्निचर हलवू नका. फरशीवर चटया टाका, घसरण्याच्या भीतीने कंबर आणखी आखडते.

मंदार_वि

सेलेजिलिनबद्दल थोडा विरोधी सूर लावतो. आमच्या डॉबरमनला दोन महिने दिलं, काडीचा फरक नाही. शेवटी रात्री गॅबापेंटिन दिलं आणि तो झोपला, आम्हीही झोपलो. माझ्या मते घरातल्यांची झोप हाही उपचाराचा भाग आहे.

डॉ_रानवाट

मान्य. सेलेजिलिन काहींना लागू पडतं, काहींना अजिबात नाही, आणि कुणाला पडेल हे आधी सांगता येत नाही. गॅबापेंटिन मज्जातंतूंच्या दुखण्यावरही चालतं, म्हणून तुमच्याकडे त्याने नेमकं काय केलं, झोप आणली की दुखणं शमवलं, हे मी सांगू शकणार नाही. माणसांचं पातळ गॅबापेंटिन मात्र आणू नका. त्यात गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे. कमजोर मागच्या पायांचा कुत्रा गॅबापेंटिनवर झिंगतो, तेव्हा सुरुवात कमी मात्रेने.

नलू_न्यूजर्सी

गौरी, हळवा प्रश्न विचारते, राग मानू नकोस. ओळखेनासा झाला तर पुढे कुठपर्यंत न्यायचं, याचा विचार केलायस का? आम्हाला गाठीमुळे निर्णय सोपा झाला होता.

गौरी_सांगली

राग कसला. घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, आपल्याला ओळखलं नाही तरी तो आनंदात पोळी खातो, तर घाई का? मला रात्री फटीत उभं राहिलेलं त्याचं भेदरलेलं तोंड बघवत नाही. सध्या फळी ठोकलीय, त्यामुळे तो आता स्वयंपाकघराच्या दाराशी अडकतो, पण तिथून बोलावल्यावर येतो तरी. सेलेजिलिन सोमवारपासून सुरू करतोय. मेलॉक्सिकॅम मात्र असंच कायम द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

डॉ_रानवाट

बऱ्याच कुत्र्यांना दीर्घकाळ लागतं. आराम टिकेल तितकी कमीत कमी मात्रा शोधायची. महिन्याने क्रिएटिनिन आणि यकृत पुन्हा बघा, पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी. उलट्या-जुलाब झाले तर त्या दिवसाचा डोस द्यायचा नाही, पाणी कमी पडलेल्या शरीरात हे औषध मूत्रपिंडाला जड जातं. आणि खाज उठली म्हणून कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला निघालं, तर मेलॉक्सिकॅम चालू असल्याचं त्यांना सांगा.

बेडेकर_काका

टायगर आता अकरा वर्षांचा आहे. हे सगळं वाचून काल रात्री त्याचा श्वास मोजला. अठ्ठावीस आला. चालेल का?

रात्रपाळी

काका, तीसच्या आत आहे, पण काठावर. गाढ झोपेतच मोजला ना? स्वप्नात पाय हलत असतील तर धरू नका. चार-पाच रात्री मोजून लिहून ठेवा. आकडा चढत जातोय असं दिसलं तर डॉक्टरांकडून छाती ऐकून घ्या.